तांबडी सुई : एका गुडघेदुखीचे प्रकरण

पार्श्वभूमी

निपाणीजवळच्या एका गावातील जुना दवाखाना मी चालवायला घेतला, तेव्हा आधीचे डॉक्टर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या रुग्णांची कार्डे एका पत्र्याच्या पेटीत लावून ठेवलेली होती. त्यांतील एका रुग्णाची ही हकिकत आहे. ओळख पटू नये म्हणून मी तिला येथे फक्त आक्का म्हणेन आणि काही बारकावे बदलून लिहीन.

आक्का ५८ वर्षांच्या होत्या. वयाच्या पंधराव्या वर्षापासून त्या घरी विड्या वळत आल्या. मांडी घालून बसायचे, मांडीवर सूप घ्यायचे, पाने कातरायची आणि दिवसभरात हजारभर विड्या पुऱ्या करायच्या, असा त्यांचा चाळीस वर्षांचा क्रम होता. दोन्ही गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये सांध्याच्या आतल्या बाजूची फट बरीच अरुंद झालेली दिसत होती आणि कडेला हाड वाढलेले होते. झिजेच्या सांधेदुखीचे हे नेहमीचे चित्र आहे. ताप, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, सांध्याची लाली किंवा वजन घटणे यांपैकी काहीही नव्हते.

कार्डावरून असे दिसले, की सुमारे सहा वर्षे त्यांना बाजाराच्या दिवशी दोन औषधे एकाच सिरिंजमध्ये भरून टोचली जात होती. एक डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणि दुसरे बी गटातील जीवनसत्त्वांचे तांबडे औषध. माझ्या येण्यापूर्वी चौदा महिने रक्तदाब वाढल्याने तपासणी झाली, मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन १.७ मिलिग्रॅम निघाले आणि मूत्रपिंडाला त्रास होऊ नये म्हणून डायक्लोफेनॅक बंद करण्यात आले. त्या तारखेपुढे कार्डावर फक्त ‘बी’ असे अक्षर होते. आक्कांना हा बदल सांगितल्याची नोंद नव्हती. सिरिंजमधला रंग मात्र तसाच तांबडा राहिला होता.

अडचण

पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, “डाक्टर, ती तांबडी सुई मारा की. त्याबिगर माझं पाऊल उचलत न्हाई.” मी कार्ड पाहून तेच औषध दिले आणि पुढील पाच आठवडे आमच्या परिचारिकेला त्यांचे दुखणे लिहून ठेवायला सांगितले. शून्य ते दहा ही मोजपट्टी आक्कांना परकी वाटली, पण ‘रुपयात किती आणे दुखतंय’ या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणाचाही विचार न करता देत. त्यामुळे आमची पट्टी सोळा आण्यांची झाली. सुईपूर्वी सरासरी बारा आणे, अर्ध्या तासाने सहा आणि तिसऱ्या दिवसापर्यंत सात-आठ, असा आकडा सातत्याने येत होता.

या आकड्यांवर लगेच विश्वास ठेवणे चुकीचे ठरले असते, कारण जुनाट दुखणे मुळातच खालीवर होत असते आणि माणूस दवाखान्यात येतो तो बहुधा ते सर्वांत वर असते त्या दिवशी. तेथून ते आपोआप उतरले, तरी श्रेय सुईला मिळते. म्हणून मी दोन गोष्टी पाहिल्या. पाऊस आणि घरातील लग्न यांमुळे आक्का दोन आठवडे आल्या नव्हत्या, त्या दिवसांचे आकडे त्यांच्या नातीने वहीत लिहिले होते. ते दहा ते तेरा आण्यांच्या दरम्यान होते, त्याखाली आले नव्हते. दुसरी गोष्ट वेळेची होती. परिचारिकेने टिपले होते, की सुई घेतल्यावर दहा मिनिटांत आक्का खाटेवरून कठड्याचा आधार न घेता उठतात. दुखण्याचा आपसूक चढउतार असा घड्याळ लावल्यासारखा येत नाही. इतक्या थोड्या वेळात स्नायूत दिलेल्या डायक्लोफेनॅकचाही पुरता परिणाम दिसणे कठीण आहे आणि जीवनसत्त्वाचा तर प्रश्नच नाही. बी-१२ ची पातळीही तपासली. ती सामान्य होती, म्हणजे एखादी कमतरता भरून निघाल्यामुळे आराम पडत होता असेही म्हणता येत नव्हते.

उरले ते एकच स्पष्टीकरण. आराम खरा होता आणि तो सिरिंजमधल्या द्रव्यामुळे येत नव्हता.

शरीरात काय घडत असावे

अशा आरामाला ‘मनाचे खेळ’ म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे सवय आहे, म्हणून येथे थोडे थांबणे भाग आहे. १९७८ साली लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या अमेरिकी संशोधकांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. औषध नसलेल्या इंजेक्शनने ज्यांचे दुखणे कमी झाले होते, त्यांना नॅलोक्सोन दिल्यावर ते पुन्हा वाढले. नॅलोक्सोन हे मॉर्फिनसारख्या द्रव्यांना, म्हणजे ओपिऑइडांना, चेतापेशींवरील त्यांच्या ठरलेल्या जागांवर, म्हणजे ग्राहकांवर, बसू देत नाही. रुग्णांना मॉर्फिन दिलेलेच नव्हते. तेव्हा नॅलोक्सोनने जे अडवले, ते शरीराने स्वतः तयार केलेले एंडॉर्फिन-एन्केफॅलिन या कुळातील द्रव्य असले पाहिजे, असा त्याचा अर्थ निघाला. या निष्कर्षावर पुढे बरेच आक्षेप आले, पण २००५ साली झुबिएटा आणि सहकाऱ्यांनी तीच गोष्ट मेंदूच्या चित्रणात दाखवली. ओपिऑइड ग्राहकांना चिकटणारे एक किरणोत्सारी द्रव्य त्यांनी निरोगी स्वयंसेवकांना टोचले आणि जबड्याच्या स्नायूत खारट द्रावण सोडून वेदना निर्माण केली. वेदनाशामक मिळते आहे अशी अपेक्षा दिल्यावर मेंदूच्या काही भागांत ते द्रव्य कमी चिकटले, कारण तेथील जागा शरीराच्या स्वतःच्या ओपिऑइडांनी आधीच व्यापल्या होत्या.

हा मार्ग साधारणपणे असा आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग अपेक्षा धरून ठेवतो. तेथून सिंग्युलेट पट्ट्याच्या पुढच्या भागामार्फत संदेश मध्यमेंदूतील करड्या भागाकडे जातो, तेथून मेंदूच्या देठाकडे आणि पुढे मज्जारज्जूकडे. गुडघ्यातून आलेला वेदनेचा संदेश मज्जारज्जूत जेथे पहिल्यांदा पुढच्या चेतापेशीकडे सोपवला जातो, तेथेच तो दबवला जाऊ शकतो. २००९ मध्ये आयपर्ट आणि सहकाऱ्यांनी मज्जारज्जूच्या चित्रणात ही घट दाखवली. म्हणजे माणसाने वेदना पूर्ण भोगून नंतर ‘कमी आहे’ असे म्हणणे एवढाच हा प्रकार नसतो. निदान काही प्रमाणात संदेशच वर कमी पोहोचतो.

आक्कांच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. त्यांना नुसतीच अपेक्षा नव्हती, सहा वर्षांची सवयही होती. तांबडा रंग, स्पिरिटचा वास, सुईची टोच आणि त्यामागोमाग डायक्लोफेनॅकचा खरा आराम यांची गाठ शेकडो वेळा पडली होती. १९९९ मध्ये इटलीतील अमान्झिओ आणि बेनेडेट्टी यांनी नेमके हेच तपासले. ज्यांना आधी मॉर्फिनची सवय लावली होती, त्यांचा नंतरचा औषधाविना आलेला आराम नॅलोक्सोनने पुसला गेला. ज्यांना डायक्लोफेनॅकच्याच कुळातील केटोरोलॅकची सवय लावून वर अपेक्षाही दिली होती, त्यांचा आराम अंशतःच गेला. आधी कोणते औषध मिळाले होते, त्यानुसार शरीर वेगळी वाट धरते. त्या दुसऱ्या वाटेवर शरीरातील कॅनाबिनॉइड प्रणालीचा, म्हणजे गांजातील द्रव्ये जिच्यावर काम करतात त्या यंत्रणेचा, वाटा असल्याचे २०११ मध्ये त्याच गटाने दाखवले. त्यामुळे आक्कांच्या आरामात अपेक्षेने सुटलेली ओपिऑइडे किती आणि सवयीची दुसरी वाट किती, हे दवाखान्यात बसून सांगता येण्यासारखे नव्हते आणि केवळ कुतूहलापोटी त्यांना नॅलोक्सोन टोचणे मला मान्य नव्हते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीही न बदलण्याचा होता. आराम पडतो आहे, औषध निरुपद्रवी आहे, खर्च थोडा आहे. आधीच्या डॉक्टरांनी तो स्वीकारला होता आणि त्यांचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. पण दर आठवड्याला रुग्णाला खोटे गृहीत धरू द्यावे लागत होते आणि कमरेखालच्या सुईत गळू होण्याचा किंवा चेतातंतू दुखावण्याचा धोका थोडा का होईना असतोच. याहून मोठा धोका असा होता, की ‘तांबडी सुई’ मागण्याची सवय लागलेली बाई दवाखाना बंद असेल त्या दिवशी दुसरीकडे जाईल आणि तेथे तिला पुन्हा डायक्लोफेनॅक मिळेल.

दुसरा पर्याय सुई बंद करून ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड कुळातील वेदनाशामक सुरू करण्याचा होता. मूत्रपिंडाची स्थिती, चक्कर, बद्धकोष्ठता आणि सवय लागण्याची शक्यता पाहता तो मी पहिल्याच फेरीत सोडला. तिसरा पर्याय खरे सांगण्याचा होता. त्यातही खरे सांगून आराम टिकवता येईल का, हा प्रश्न माझ्या डोक्यात नव्हता, ही माझी पहिली चूक.

पहिली कृती आणि तिचा परिणाम

सहाव्या आठवड्यात बाजाराचा दिवस होता, बाहेर चाळीसेक माणसे होती आणि मी उभ्या-उभ्याच सांगून टाकले, की या सुईत दुखण्यावरचे औषध चौदा महिन्यांपासून नाही, नुसती जीवनसत्त्वे आहेत, त्यामुळे आजपासून ती बंद, त्याऐवजी पॅरासिटामॉलच्या गोळ्या घ्या.

आक्का काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग चौदा म्हैनं मला बरं वाटत हुतं, ते खोटं?”

मी म्हणालो, “तसं नाही, पण औषध नव्हतं.” हे उत्तर अपुरे होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले, पण पुढचा रुग्ण आत आला होता.

पुढच्या दहा दिवसांत नातीच्या वहीतील आकडा चौदा आण्यांवर गेला. सुई न घेतलेल्या जुन्या दिवसांपेक्षाही तो वर होता. पॅरासिटामॉलने ‘काडीचा फरक’ पडला नाही, पोटात जळजळ मात्र सुरू झाली, जी या गोळीने सहसा होत नाही. नुसती सुई बंद झाल्याने दुखणे पूर्वीच्या बारा आण्यांवर स्थिरावायला हवे होते. ते त्यापुढे गेले आणि जे औषध खरोखर थोडे तरी काम करू शकले असते, तेही निकामी झाले.

अपेक्षेची ही उलटी बाजू आहे. २०११ मध्ये बिंगेल आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना रेमिफेन्टॅनिल या प्रबळ ओपिऑइडचे संथ सलाइन लावले आणि पायाला उष्णतेने वेदना दिली. ‘आता औषध सुरू झाले’ असे सांगितल्यावर त्याच मात्रेचा आराम जवळपास दुप्पट झाला. ‘औषध थांबवले, आता दुखणे वाढेल’ असे सांगितल्यावर, सलाइन चालूच असताना, आराम जवळजवळ नाहीसा झाला. दुखणे वाढेल या चिंतेबरोबर कोलेसिस्टोकायनिन नावाचे द्रव्य कामाला लागते आणि ते ओपिऑइडांच्या उलट दिशेने खेचते, असे बेनेडेट्टी यांच्या प्रयोगांतून दिसले आहे. मी आक्कांना जे सांगितले, त्याचा त्यांना कळलेला अर्थ ‘तुमच्यासाठी आता काही उरलेले नाही’ असा होता. त्याच शब्दांच्या सावलीत मी पॅरासिटामॉलची पुडी हातात ठेवली होती.

दुसरी कृती

दोन आठवड्यांनी मी आक्कांना आणि त्यांच्या सुनेला दुपारी, दवाखाना रिकामा असताना बोलावले. पाऊण तास गेला. प्रथम मी घाईत बोलल्याची कबुली दिली. मग वही पुढे ठेवून सांगितले, “आक्का, सुई घेतल्यावर तुमचं दुखणं बारा आण्यांवरून सहा आण्यांवर येत होतं, ते खोटं नाही. दुखणं मारणारा रस तुमच्या डोक्यात आणि पाठीच्या कण्यात तयार होतो. सहा वर्षं सुई आणि आराम एकत्र आल्यामुळे सुई दिसली की तो सुटायला शिकला आहे. औषध काढलं तरी ते शिकणं राहिलं.” शरीराच्या दोन वाटांचा तपशील मी गाळला. तो त्यांच्या उपयोगाचा नव्हता.

सून घरी कानडी बोलणारी होती, तिने हेच सासूला आपल्या शब्दांत पुन्हा सांगितले. आक्का हसल्या. “म्हंजे म्हशीला आंबोणाचं टोपलं दिसलं की पान्हा फुटतोय, तसं?” मी इतकी वर्षे वाचलेले इतक्या थोडक्यात मला सांगता आले नसते.

यानंतर खरा निर्णयाचा क्षण आला. त्या म्हणाल्या, “मग ठावं असून सुई मारली तर?” प्रश्न रास्त होता. औषध नाही हे सांगून दिलेल्या गोळ्यांनीही काही जुनाट दुखण्यांत आराम पडतो. २०१६ मध्ये पोर्तुगालमधील जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवरील तीन आठवड्यांच्या चाचणीत तसे दिसले होते. पण सुईचे धोके आणि दुसरीकडे जाऊन तीच मागण्याची सवय मला टाळायची होती. म्हणून आम्ही सुईऐवजी तांबड्या रंगाची बी जीवनसत्त्वाची गोळी ठरवली, तिच्यात वेदनाशामक नाही हे पाकिटावर सुनेच्या हाताने लिहून घेतले आणि पहिले तीन आठवडे ती पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅमबरोबर, सकाळ-संध्याकाळ, त्याच वेळी, त्याच वाटीतून घ्यायची असे ठरले. गोळीनंतर अर्ध्या तासाने मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम करायचा होता. पाय सरळ ठेवून गुडघ्याखालची उशी दाबायची, दहा आकडे मोजायचे, पंधरा वेळा. चौथ्या आठवड्यापासून संध्याकाळचे पॅरासिटामॉल काढून नुसती तांबडी गोळी ठेवायची होती आणि हेही आधीच सांगितलेले होते.

विड्या वळण्यासाठी पाटाऐवजी उंच स्टूल आणि सुपाखाली लाकडी ठोकळा, ही सूचना सुनेची. ती मला आधीच सुचायला हवी होती.

निष्पत्ती

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सकाळचा आकडा नऊ आण्यांवर आला. संध्याकाळचे पॅरासिटामॉल काढल्यावर तो दोन दिवस दहावर गेला आणि पुन्हा नऊवर बसला. सुईनंतरचे सहा आणे परत आले नाहीत. मात्र पूर्वी आठवड्याचे तीन दिवस बरे आणि चार वाईट जात असत, ते आता बरेचसे एकसारखे झाले होते.

अडीच महिन्यांनी आक्का सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला गेल्या, डोंगरावर चालल्या आणि परतताना वाटेतल्या एका ठिकाणी त्यांनी ‘दोन्ही सुया’ घेतल्या. त्यांनी ते लपवले नाही, पण मला कळले ते पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन १.९ आल्यावर. पाणी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि विश्रांती यांनंतर महिन्याभरात ते पुन्हा १.७ वर आले. तेव्हापासून त्यांच्या पिशवीत कन्नड आणि मराठीत लिहिलेले एक कार्ड असते : ‘मूत्रपिंडाचा त्रास, डायक्लोफेनॅक देऊ नये.’ हे कार्ड पहिल्याच दिवशी द्यायला हवे होते.

चार महिन्यांच्या शेवटी सकाळचा आकडा आठ आण्यांच्या आसपास होता. यातले किती अपेक्षेचे, किती पॅरासिटामॉलचे (झिजेच्या गुडघ्यात त्याचा परिणाम मुळातच थोडा असतो), किती व्यायामाचे आणि किती स्टुलाचे, हे वेगळे काढता येत नाही. माझा अंदाज स्टुलाच्या बाजूने झुकतो. एक्स-रेत अर्थातच काहीही बदल नव्हता. अपेक्षा वेदनेचा संदेश कमी करते, झिजलेली कूर्चा परत आणत नाही, आणि आराम पडला म्हणून आजार उतरला असे समजून तपासण्या सोडणे हा या प्रकारातला मोठा धोका आहे.

काय वेगळे करता आले असते

डायक्लोफेनॅक बंद झाले त्याच दिवशी, चौदा महिने आधी, हे संभाषण व्हायला हवे होते. तेव्हा सुई आणि आराम यांची गाठ ताजी होती आणि गोळीकडे वळणे बहुधा सोपे गेले असते. माझ्या बाजूने, सत्य सांगण्याचा दिवस बाजाराचा नसता आणि जुना उपाय काढण्यापूर्वी नवा उपाय काही आठवडे त्याच्या सोबतीने चालवला असता, तर चौदा आण्यांचे ते दिवस टळले असते असे मला वाटते. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांत यंत्राने नकळत सोडलेले वेदनाशामक डॉक्टरने समोर येऊन दिलेल्या तेवढ्याच मात्रेपेक्षा कमी आराम देते, हे मी वाचलेले होते. तरीही पॅरासिटामॉलची पुडी मी जवळजवळ चोरून दिल्यासारखी दिली होती.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. जुन्या पेटीत ‘बी’ एवढेच अक्षर असलेली आणखी अकरा कार्डे आहेत. त्यांतील दोघांना विसरण्याचा आजार आहे. अल्झायमरमध्ये कपाळामागचा भाग उर्वरित मेंदूपासून तुटत जातो तसा अपेक्षेने येणारा आराम घटतो, असे बेनेडेट्टी यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले आहे. म्हणजे त्या दोघांना सुईचा उपयोग आज होतो आहे की नाही, हे प्रथम त्यांच्या घरच्यांकडून आण्यांत लिहून घ्यावे लागेल. उरलेल्या नऊ जणांना मी दुपारच्या वेळी, एकेकाला, घरच्या एका माणसासह बोलावतो आहे.